सुती शर्टावरचे हळद, तेल आणि घामाचे डाग : कोणते औषध कशानंतर

प्रश्न : माझ्या पांढऱ्या सुती शर्टाच्या पुढच्या भागावर हळद मिसळलेले तेल सांडले, आणि काखेत घामाचा जुना पिवळेपणा आहे. साबण लावताच हळदीचा डाग लाल झाला. घाबरून सगळा शर्ट ब्लीचच्या पाण्यात टाकला, तर हळद थोडी फिकी झाली पण काखा अधिकच पिवळ्या दिसू लागल्या. स्टेन रिमूव्हर, ऑक्सिजनची पावडर, ब्लीच आणि व्हाइटनर हे सगळे घरात आहे. यातले काय, कशानंतर आणि किती वापरावे?

उत्तर :

शर्ट बहुधा वाचेल. मात्र सर्वप्रथम तो भरपूर साध्या पाण्यात, पाणी बदलत, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत विसळून घ्यावा आणि डाग निघेपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नये. हे विसळणे टाळता येणार नाही, कारण पुढे या शर्टाला व्हिनेगर लावायचे आहे. क्लोरीनचे ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीला घातक असतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीचची गाठ पडू देऊ नये.

आपल्या शर्टावर डाग दोन दिसत असले तरी मूळ पदार्थ तीन आहेत. तेल, हळदीचा रंग आणि घामाचे साचलेले थर यांतला प्रत्येक पदार्थ वेगळ्या औषधाला दाद देतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला बिघडवू शकते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी तेल, मग घामाचे थर, त्यानंतर रंग, आणि व्हाइटनर अगदी शेवटी. आपल्याकडून नेमका हाच क्रम उलटा झाला.

लाल झालेल्या डागाची चिंता सोडून द्यावी. हळदीला पिवळेपण देणारा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. आम्लात किंवा साध्या पाण्यात तो पिवळा राहतो आणि साबण, सोडा यांसारख्या अल्कलीच्या संपर्कात लालसर तपकिरी होतो. हा बदल उलटता येतो. चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कापड बुडवले की लाली जाऊन पिवळेपणा परत येतो. त्यामुळे लाल रंग दिसला तर एवढेच समजावे की तंतूंमध्ये कर्क्युमिन अजून आहे आणि साबण पूर्ण निघालेला नाही. उलट अल्कलीच्या पाण्यात कर्क्युमिन अधिक लवकर मोडते, तेव्हा धुण्याच्या मधल्या टप्प्यात डाग लाल दिसणे हे आपल्या सोयीचेच आहे. अडचण वेगळीच आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते, आणि सुताला ते स्वतःच धरून बसते. रंगवण्यासाठी हळद वापरली जाते ती याच गुणामुळे. त्यातच तेल मिसळलेले असले तर तेल त्या रंगाला धाग्याच्या आत घेऊन जाते आणि वर पाणी न शिरू देणारे पांघरूण घालते. आपले ब्लीच पाण्यातले असल्यामुळे ते या पांघरुणापाशीच अडले, आणि म्हणून डाग फिका झाला, पण गेला नाही.

म्हणून पहिले काम तेलाचे, आणि ते कोरड्या कापडावर करायचे आहे. ओल्या सुतात पाणी आधीच भरलेले असते, त्यामुळे वरून लावलेले द्रव पातळ होते आणि तेलापर्यंत पोहोचत नाही. विसळलेला शर्ट सावलीत वाळू द्यावा, मग डागाची जागा खिडकीच्या उजेडात धरून पाहावी. तेल असलेला भाग आजूबाजूच्या कापडापेक्षा किंचित पारदर्शक दिसतो. शंका राहिली तर त्या जागी पाण्याचा एक थेंब सोडावा. स्वच्छ सुतात तो लगेच शोषला जातो, तेल असेल तिथे क्षणभर थबकतो किंवा गोळा होऊन बसतो. ही चाचणी मी प्रत्येक टप्प्यानंतर करतो, कारण डोळ्यांना रंग दिसतो, तेल दिसतेच असे नाही.

डागाखाली पांढरे जाड फडके ठेवून कापडाच्या उलट बाजूने द्रव स्टेन रिमूव्हर लावावा, म्हणजे तेल आले त्याच वाटेने बाहेर ढकलले जाते. तो नसेल तर भांडी घासण्याचे साधे, रंगहीन द्रव चालते. बोटाने हलकेच दाबत ते आत मुरवावे, घासू नये. घासल्याने सुताचे टोक उसवते आणि डाग गेल्यावरही तो भाग पांढुरका आणि खरखरीत दिसत राहतो. वीस मिनिटे थांबून कोमट पाण्याने विसळावे. स्टेन रिमूव्हर विकत घेताना वेष्टनावर एवढेच पाहावे की तो मेदावर चालणारा आहे की केवळ ऑक्सिजन सोडणारा. लिपेज नावाचे एन्झाइम असेल तर उत्तम, पण त्याला वेळ लागतो. फवारून लगेच धुतले तर त्याचा फायदा जवळजवळ मिळत नाही. ताज्या तेलाला एक फेरी पुरते, आपल्या शर्टाला दोन-तीन लागतील. तेल जुने होऊन हवेत आणि उष्णतेत मुरले की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन चिवट, पिवळसर पापुद्रा तयार होतो. तेलाचा डाग वर इस्त्री फिरवून किंवा गरम ड्रायरमध्ये वाळवून जो पक्का होतो तो असाच.

तेल गेल्यावर मध्यभागी गडद पिवळा ठिपका राहिला, तर कापड पुन्हा वाळवून कापसाच्या बोळ्याला स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे आणि कडेकडून मध्याकडे टिपत यावे. मध्यापासून सुरुवात केली तर विरघळलेला रंग बाहेर पसरून पिवळे कडे तयार होते. बोळा पिवळा होताच बदलावा, खालचे फडकेही सरकवावे. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर करावे, आणि स्पिरिट पूर्ण उडून गेल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नये.

आता काखा. ताज्या घामाला रंग जवळजवळ नसतो. पिवळेपणा साठत जातो तो त्वचेतून येणाऱ्या तेलकट स्रावामुळे, प्रथिनांमुळे आणि घाम रोखणाऱ्या डिओडोरंटमधल्या अॅल्युमिनियमच्या क्षारांमुळे. हे तिन्ही मिळून सुतात एक थर बसतो. हाताला तो भाग कडक आणि किंचित मेणचट लागतो. क्लोरीनचे ब्लीच या थरावर पडले की ते प्रथिनांशी संयोग पावून स्वतःच पिवळसर संयुगे तयार करते. आपल्या काखा ब्लीचनंतर अधिक पिवळ्या झाल्या त्याचे कारण हेच, आणि त्यावर अधिक ब्लीच हा उपाय नाही. घामाच्या पिवळेपणावर हायपोक्लोराइटचे ब्लीच मी मुळीच वापरत नाही.

ब्लीचचा वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर एका वाडग्यात एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेऊन फक्त काखांचा भाग त्यात अर्धा तास बुडवावा. आम्लामुळे अॅल्युमिनियमचे क्षार सैल होतात आणि थर मऊ पडतो. हा टप्पा डिओडोरंटचा वापर असेल तरच फार उपयोगी आहे. नुसता घाम असेल तर तो गाळला तरी चालेल. त्यानंतर साध्या पाण्याने विसळून एन्झाइम असलेला डिटर्जंट घ्यावा. वेष्टनावर प्रोटिएज हे नाव किंवा 'एन्झाइमयुक्त' असा उल्लेख असतो. साधारण चाळीस अंशांच्या, म्हणजे हात आरामात ठेवता येईल इतक्या गरम पाण्यात तो मिसळून काखा त्यात दीड-दोन तास भिजू द्याव्यात. पाणी उकळते घेतले तर एन्झाइम निकामी होतात आणि प्रथिने उलट गोठून तंतूंना घट्ट चिकटतात. मऊ ब्रशने हलकेच फिरवून विसळल्यावर कापडाचा कडकपणा गेला पाहिजे. रंग अजून थोडा दिसेल, पण हाताला कापड मऊ लागत असेल तर थर निघाला असे समजावे. कडकपणा कायम असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. हाच टप्पा पुन्हा करावा.

इथपर्यंत तेल आणि थर काढले, आता रंग. यासाठी ऑक्सिजनची पावडर वापरावी. तिच्यात मुख्यतः सोडियम परकार्बोनेट असते, जे पाण्यात पडताच हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे सुटे होते. पेरॉक्साइड रंग मोडते आणि सोडा पाण्याला अल्कली बनवतो. ही पावडर थंड पाण्यात फारच मंद चालते. चाळीस ते साठ अंशांच्या पाण्यात तिचा खरा उपयोग होतो. आपल्या शर्टासाठी चार लिटर गरम पाणी घेऊन त्यात सपाट भरलेले दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण तीस ग्रॅम पावडर पूर्ण विरघळवावी, मगच शर्ट घालावा. न विरघळलेले कण कापडावर बसले तर त्या ठिकाणी तंतू दुखावतो. शर्ट पूर्ण बुडून राहील असे एखादे जड ताट वर ठेवावे आणि चार ते सहा तास भिजू द्यावा. पाणी लाल किंवा नारिंगी झाले तर दचकू नये, ते सोड्यामुळे दिसणारे कर्क्युमिन आहे. दिवसभरानंतर पाण्यात फारशी शक्ती उरत नाही, म्हणून त्याच पाण्यात पुन्हा पावडर घालत बसण्यापेक्षा ते ओतून नवे करावे. राहिलेले द्रावण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नये. ऑक्सिजन सुटत राहतो आणि दाबाने बाटली फुटू शकते. पावडरच्या पाण्यात ब्लीचही मिसळू नये, दोघे एकमेकांना निकामी करतात.

भिजवून झाल्यावर शर्ट चांगला विसळावा आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घालून एकदा बुडवून काढावा. उरलेला सोडा त्यामुळे शांत होतो आणि डागाचा खरा रंग दिसतो. लाल डाग पाहून घेतलेला निर्णय हमखास चुकतो, कारण लाली थोडे कर्क्युमिनही मोठे करून दाखवते.

आता शर्ट ओला असतानाच डाग वरच्या बाजूला येईल असा थेट उन्हात टाकावा. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याला झपाट्याने मोडतात. हळदीच्या रंगावर ऊन हे माझ्या मते बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांपेक्षा भरवशाचे आहे, आणि पांढऱ्या सुताला त्याचा तोटा नगण्य आहे. कापड वाळले की पाणी शिंपडून पुन्हा ओले करावे. दोन-तीन तासांत फरक दिसतो. गडद डागाला दुसऱ्या दिवशीही ऊन लागेल. ढगाळ दिवसांतही उजेड काम करतो, फक्त सावकाश. काचेच्या आतून येणारा उजेड मात्र कमी उपयोगी पडतो, कारण काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते. तेलाचे काम अर्धवट सोडून उन्हात टाकले तर हळद जाईल, पण तेल उन्हाच्या उष्णतेत पक्के होत राहील. म्हणून थेंबाची चाचणी आधी करूनच उन्हात टाकावे.

एवढे करूनही पिवळा ठसा राहिलाच तर क्लोरीनच्या ब्लीचचा विचार करावा, आणि तोही केवळ पुढच्या भागासाठी. सोडियम हायपोक्लोराइट कर्क्युमिनला खरोखरच लवकर संपवते, पण ते सुतालाही खाते. एक लिटर थंड पाण्यात साधारण पाच टक्क्यांच्या ब्लीचचे दहा मिलिलिटर पुरतात. हातमोजे घालून, काखा कोरड्या राहतील अशा बेताने, पुढचा भाग त्यात बुडवावा आणि पाच मिनिटांत डाग संपत नसेल तर आणखी पाच मिनिटे थांबावे. दहाच्या पलीकडे जाऊ नये. डाग निघाल्यावर भरपूर पाण्याने विसळावे. त्यानंतर घाईने व्हिनेगर लावण्याचा मोह टाळावा, क्लोरीनचा वास उरला असेल तर मुळीच लावू नये. सुताला अतिरेकी ब्लीच झाले आहे हे कळण्याची खूण अशी : कापड ओले असताना बोटांनी ताणले तर ते सहज उसवते, आणि इस्त्री केली की अकारण पिवळे पडते. हा पिवळेपणा डागाचा नसतो, तंतूच्या नासाडीचा असतो, आणि त्यावर उपाय नाही.

शर्टाच्या आतल्या लेबलवरची त्रिकोणाची खूण त्याआधी पाहावी. मोकळा त्रिकोण असेल तर कोणतेही ब्लीच चालते, आत दोन तिरप्या रेषा असतील तर केवळ ऑक्सिजनचे, आणि फुली असेल तर कोणतेच नाही. सुताबरोबर इलास्टेन असलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला आणि चुरगळू नये म्हणून रेझिनची प्रक्रिया केलेल्या सुताला क्लोरीन लावू नये. इलास्टेन झिजते, आणि काही रेझिन क्लोरीन धरून ठेवून नंतर इस्त्रीच्या उष्णतेत कापड पिवळे करतात. वेष्टनावर नुसते 'ब्लीच' लिहिलेले असले तर घटक वाचावेत : हायपोक्लोराइट असेल तर वरची सर्व बंधने लागू होतात, पेरॉक्साइड असेल तर ते ऑक्सिजनचे ब्लीच आहे.

व्हाइटनरविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहेत. निळसर छटेचे व्हाइटनर आणि फ्लूरोसंट व्हाइटनर हे दोन्ही डाग काढत नाहीत. पहिला पिवळ्यावर निळ्याचा हलका लेप देऊन डोळ्यांना पांढरे भासवतो. दुसरा सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतो, म्हणून कपडा उन्हात झळाळतो आणि साध्या पिवळ्या दिव्याखाली तीच झळाळी कमी वाटते. डाग अजून असताना निळसर व्हाइटनर घातले तर पिवळ्यात निळा मिसळून डागाची कड हिरवट होते, आणि मग हळद कुठे संपते आणि छटा कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. म्हणून शर्ट दिवसाच्या उजेडात बघून डाग पूर्ण गेला असे वाटल्यावरच व्हाइटनर घ्यावे. तेही एका मगभर पाण्यात आधी मिसळून, गाळून, मग बादलीत टाकावे आणि शर्ट पाण्यात पूर्ण बुडवून लगेच फिरवत राहावे; बाटलीतून सरळ कपड्यावर ओतले तर निळे ठिपके पडतात. प्रमाण वेष्टनावर सांगितले असेल त्यापेक्षा कमीच घ्यावे, कारण दुसऱ्यांदा घालता येते, काढणे कठीण जाते. बऱ्याच डिटर्जंट पावडरमध्ये फ्लूरोसंट व्हाइटनर आधीच असते, त्यामुळे वेगळे घालण्याची गरज प्रत्येक वेळी पडत नाही.

आपल्या शर्टाला हा सारा क्रम लावला तर पहिला दिवस विसळणे, वाळवणे आणि तेलाच्या दोन-तीन फेऱ्यांत जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी काखांसाठी व्हिनेगर, मग एन्झाइमचा टप्पा, आणि दुपारी सबंध शर्ट ऑक्सिजनच्या पावडरमध्ये. तिसऱ्या दिवशी विसळून, व्हिनेगरचे शेवटचे पाणी देऊन उन्हात. बहुतेक वेळा क्लोरीनपर्यंत जाण्याची वेळ येत नाही. काखांचा पिवळेपणा फार जुना असेल तर हा पूर्ण फेरा एकदा आणखी करावा लागतो. दोन फेऱ्यांनंतर फरक पडणे थांबले, कापड मऊ आहे आणि थेंब लगेच शोषला जातो आहे, तरीही पिवळसर छटा दिसते, अशी स्थिती आली तर ती बहुतेक वर्षानुवर्षे मुरलेल्या तेलकट स्रावाची आहे आणि ती अधिक ब्लीचने हलणार नाही. त्या छटेसाठीच निळसर किंवा फ्लूरोसंट व्हाइटनर उपयोगी पडते.

रंगीत सुतावर हीच कृती करायची झाल्यास आतल्या शिवणीवर ऑक्सिजनच्या पावडरचे गरम पाणी दहा मिनिटे ठेवून, पांढऱ्या फडक्याने दाबून रंग सुटतो का ते आधी पाहावे. सुटत नसेल तर पाणी चाळीस अंशांच्या वर न नेता, तासाभरासाठीच भिजवावे. क्लोरीन पूर्ण वर्ज्य. उन्हात टाकताना कपडा उलटा करून फक्त डागाचा भाग वर ठेवावा, कारण हळद ज्या किरणांनी उडते त्याच किरणांनी कापडाचा मूळ रंगही उतरतो.